वर्ग सोडताना लिहिलेली चिठ्ठी



आपल्या गोंदियाच्या, किंबहुना साऱ्या विदर्भाच्या शाळांचे वर्ष उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोडे निराळे चालते. उन्हाच्या धास्तीने येथे शाळा उशिरा उघडतात, जूनचा शेवट गाठूनच बहुधा घंटा वाजते. एप्रिल-मेमध्ये निकाल लागतो आणि त्यानंतरचे सात-आठ आठवडे वर्ग रिकामा असतो. या मधल्या काळात कुणाची बदली होते, कुणी निवृत्त होते, कुणी गाव सोडते. जुलैमध्ये मुले नव्या वर्गात बसतात तेव्हा समोर उभ्या असलेल्या शिक्षकाला त्यांच्याविषयी नावापलीकडे फारसे काही ठाऊक नसते. मागच्या वर्षभरात एका शिक्षकाने त्या मुलांविषयी जे जाणले, ते कोठे जाते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आमच्या शेजारी एक शिक्षिका राहत असत. येथील एका खासगी मराठी शाळेत चौथीच्या वर्गशिक्षिका होत्या. गेल्या वर्षी यजमानांची बदली झाल्याने त्यांनी गोंदिया सोडले. निघण्यापूर्वी एप्रिलमध्ये त्या एक वही घेऊन आमच्याकडे आल्या. ‘काका, तुम्ही बँकेत चार्ज देत-घेत आलात. मला माझ्या अडतीस मुलांचा चार्ज द्यायचा आहे. काय लिहावे आणि काय लिहू नये?’ त्या वहीवर आम्ही दोघांनी तीन संध्याकाळी घालवल्या. त्यांची व संबंधित पालकांची अनुमती घेऊन, आणि ओळख पटू नये एवढा तपशील बदलून, त्यातील काही भाग येथे मांडतो.

शाळेत शिक्षक बदलतो तेव्हा कागदोपत्री प्रभार दिला जातच असतो. हजेरीपत्रक, प्रगतिपत्रके, मूल्यमापनाच्या नोंदवह्या, कपाटाची किल्ली, सारे मोजून यादीवर सही होते. शिवाय २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिल्या जातात. ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ असे रकाने प्रगतिपत्रकात आपण सर्वांनी पाहिले आहेत. कल्पना चांगली होती. परंतु चाळीस मुले, प्रत्येकी आठ-नऊ विषय आणि वर्षातून दोन सत्रे असा हिशेब मांडला की या नोंदी कशा भरल्या जात असतील ते कळते. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात, त्यांतून वाक्ये उतरतात. ‘गणिती क्रिया अचूक करतो’, ‘वाचनात सातत्य हवे’. ही वाक्ये खोटी असतात असे नाही. मात्र ती कोणत्याही मुलाला लागू पडतात, म्हणून नव्या शिक्षकाच्या हाती काहीच येत नाही.

मूल चौथीनंतर दुसऱ्या शाळेत गेले तर याहून बिकट. आपल्याकडे पाचवीपासून हायस्कुलात जाण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. त्या वेळी मुलासोबत जातो तो शाळा सोडल्याचा दाखला. त्यात जन्मतारीख, जात आणि प्रवेश-नोंदणी क्रमांक काळजीपूर्वक लिहिलेला असतो. पुढे प्रगती ‘समाधानकारक’, वर्तणूक ‘चांगली’. चार वर्षांचे ज्ञान दोन शब्दांत आटोपते.

बाईंना ही वही लिहावीशी वाटली त्याला एक कारण घडले होते. त्यांच्या वर्गात एक मुलगा होता. जूनअखेरपासून तो त्यांना हट्टी वाटे. कधी चटकन उत्तर देई, कधी तीनदा नाव घेतले तरी मान वर करीत नसे. दोन वेळा शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये एके दिवशी फळ्यावर लिहिता लिहिता त्यांनी प्रश्न विचारला आणि सहज मागे वळून पाहिले. तो मुलगा शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. मग त्यांनी आठवडाभर ध्यान दिले. त्यांचे तोंड त्याच्याकडे असेल तर उत्तर येते, पाठ असेल तर येत नाही. उजवीकडून हाक मारली तर वळतो, डावीकडून मारली तर भलतीकडेच पाहतो. वर्गात गलका असला की गोंधळतो. कानाच्या डॉक्टरांनी डाव्या कानाला फारच कमी ऐकू येत असल्याचे सांगितले. हे सारे त्यांनी तिसरीच्या शिक्षिकेला सांगितले, तेव्हा ती निरागसपणे म्हणाली, ‘हो, मला शंका होतीच. म्हणून तर मी त्याला वर्षभर भिंतीकडेच बसवत होते.’ तिने जागा बरोबर शोधली होती, उपाय बरोबर केला होता. सांगितले मात्र कुणालाच नव्हते. त्या मुलाचे पाच महिने आणि दोन शिक्षा एवढी त्या मौनाची किंमत झाली.

त्याच्याविषयी वहीत नोंद झाली ती अशी: ‘डाव्या कानाला कमी ऐकू येते. फळ्याकडे तोंड करून बसल्यावर डाव्या भिंतीलगत पहिली किंवा दुसरी जागा द्यावी, म्हणजे चांगला कान आपल्याकडे व वर्गाकडे राहतो. फळ्याकडे तोंड करून सूचना देऊ नये. सर्दी झाली की चांगल्या कानालाही दडे बसतात, त्या दिवसांत सूचना लिहून दाखवावी. “ऐकू आले का?” असे विचारल्यास नेहमी हो म्हणतो, म्हणून “मी काय सांगितले?” असे विचारावे.’ या शेवटच्या वाक्यावर मी थांबलो. ते कोणत्याही डॉक्टरी अहवालात सापडणार नाही. वर्षभर त्या मुलासमोर उभे राहिल्याखेरीज ते कळत नाही.

बँकेत आम्ही हेच वेगळ्या रूपात पाहिले आहे. रोकड, किल्ल्या, तारणाची कागदपत्रे यांची यादी सहीशिक्क्यानिशी होई, आणि खरा चार्ज त्यानंतर तोंडी दिला जाई. अमुक राइस मिलचे कॅश क्रेडिट खाते सप्टेंबरात ताणलेले दिसेल, पण धान आले की जानेवारीपर्यंत सुरळीत होते, घाबरून नोटीस काढू नका. तमुक खाते वरून स्वच्छ आहे, पण स्टॉक स्टेटमेंटवर दर महिन्याला तोच आकडा येतो, गोदामात जाऊन पाहा. खातेवहीत दोन्ही गोष्टी असत, परंतु त्या वाचण्याची दृष्टी जाणाऱ्या अधिकाऱ्यापाशी असे.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. ते आपल्याच समाजातील, आपल्याच बाजारपेठेतील एका घरचे आहे. मुलगा दहा वर्षांचा, किराणा-धान्याची पेढी. दुकानात उभा राहिला तर पावणेतीन किलोचा दर तोंडी सांगतो. पाठशाळेत त्याच्याइतक्या गाथा कुणाच्या कंठस्थ नाहीत. लोगस्स झाले, उवसग्गहरं झाले, पुढची स्तोत्रे ऐकून ऐकून पाठ होत गेली. पाठशाळेच्या ताई त्याला सर्वांत हुशार मानत. शाळेत मात्र तो मागे होता. बाईंच्या पहिल्या मसुद्यात त्याच्या नावापुढे लिहिले होते: ‘अभ्यासात कच्चा. लेखन अशुद्ध. बोलका, पण आळशी. पालकांचे लक्ष नाही.’

मी त्यांना एवढेच विचारले की, यातले तुम्ही डोळ्यांनी काय पाहिले? आळस कसा दिसला? त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, फळ्यावरचे उतरवून घ्यायला इतरांच्या दुप्पट वेळ लावतो आणि मध्येच सोडून देतो. म्हटले, मग तेच लिहा. त्यांनी पान फाडले आणि पुढचे चार दिवस त्या मुलाला पुन्हा पाहिले. भाषेच्या पुस्तकातला साठ शब्दांचा परिच्छेद त्याला एकट्याला बाजूला घेऊन वाचायला दिला. त्याला तीन मिनिटे लागली, सात ठिकाणी अडला, जोडाक्षर आले की अंदाजाने दुसराच शब्द म्हणाला. त्यावरच्या पाच प्रश्नांपैकी एकाचे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी तेवढाच, तितकाच अवघड परिच्छेद बाईंनी स्वतः वाचून दाखवला आणि पाच प्रश्न विचारले. पाचही उत्तरे बरोबर आली.

या दोन दिवसांच्या फरकात सारे काही होते. आकलनच कमी असते तर ऐकूनही उत्तरे आली नसती. अडचण अक्षरांतून अर्थाकडे जाण्याच्या वाटेवर होती. पाठशाळेत तो हुशार का ठरतो याचाही उलगडा झाला. तेथे गाथा कानाने शिकवली जाते. मी ताईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की पुस्तक समोर धरून नवे स्तोत्र वाचायला सांगितले की तो पाणी प्यायला उठतो.

फेरलिखित नोंद अशी झाली: ‘ऐकून उत्तम समजते, तोंडी गणित वर्गात पहिल्या पाचांत. वाचताना जोडाक्षरांवर अडतो, ओळ सुटते. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ व काना-मात्रा गळतात, एकच शब्द एका पानात तीन प्रकारे लिहितो. डोळ्यांची तपासणी झाली, दोष नाही. उपयोग झाला: प्रश्नपत्रिका वाचून दाखवणे, फळ्यावरचे निम्मेच उतरवायला देऊन उरलेले छापील देणे, उद्या जो उतारा वाचायचा तो आज घरी देणे. उपयोग झाला नाही: चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घेणे, पुढच्या बाकावर बसवणे. अचानक उभे करून वाचायला सांगितल्यास पोटात दुखते असे सांगून वर्गाबाहेर जातो, ते खोटे समजू नये. पालकांशी जानेवारीत बोलणे झाले, तपासणीस अद्याप तयार नाहीत.’

‘डिस्लेक्सिया’ हा शब्द बाईंनी मुद्दाम लिहिला नाही आणि ते योग्यच केले. निदान करणे शिक्षकाचे काम नव्हे. शिक्षकाने काय पाहिले आणि काय करून पाहिले एवढे लिहावे. नाव देण्याचा अधिकार तपासणाऱ्या तज्ज्ञाचा. मात्र अशा नोंदी त्या तज्ज्ञालाही उपयोगी पडतात, कारण अडचण नुकतीच सुरू झाली की वर्षानुवर्षे आहे, शिकवणी देऊनही टिकली का, हे त्यांना जाणून घ्यावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जे एकवीस प्रकार आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, विचारपूस तेथून सुरू करता येते. हे दहावीच्या वर्षी धावपळ करून जमवण्यापेक्षा चौथी-पाचवीत सुरू झालेले बरे.

तपासणीला नकार का, हे मी मुलाच्या आजोबांना विचारले. आमचा जुना परिचय. ते म्हणाले, ‘साहेब, आपल्याला कुठे नोकरी करायची आहे? दुकान आहे. आणि उद्या घरात मुलीचे लग्न जमवायचे, लोक काय म्हणतील?’ पहिल्या मुद्द्यावर मला राहवले नाही. कर्जाच्या कागदांवर न वाचता सह्या करणारे पुष्कळ व्यापारी मी टेबलासमोर पाहिले आहेत. त्यांतील काहींना वाचण्याचा कंटाळा असे आणि काहींना, आता वाटते, वाचताच येत नसावे. ते सारे मुनीमजीच्या भरवशावर चाले. आज जीएसटीचे विवरणपत्र आहे, खरेदीचे करार आहेत. ज्याला कागद वाचता येत नाही त्याने दुकान तरी कशाच्या बळावर सांभाळावे? दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी गप्प राहिलो. ती भीती खोटी आहे असे म्हणण्याइतका आपला समाज अजून मोकळा झालेला नाही.

या भीतीला शिक्षणशास्त्रातही आधार आहे. अमेरिकेत रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग १९६८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. काही मुलांची नावे केवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, ही मुले यंदा विशेष चमकतील असे शिक्षकांना सांगण्यात आले. वर्षअखेरीस पहिली-दुसरीच्या वर्गांत त्या मुलांची बुद्धिमापनातील प्रगती इतरांपेक्षा अधिक निघाली. निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला, परंतु आधी सांगितलेली गोष्ट शिक्षकाच्या दृष्टीला वळण देते, ही शंका काही निघून गेली नाही. चमकण्याविषयी हे खरे असेल तर ‘कच्चा’, ‘आळशी’ या शब्दांविषयी किती खरे असेल? म्हणूनच काही शिक्षक आग्रहाने म्हणतात की, मागचे काहीच सांगू नका, आम्हाला मूल कोरे पाहू द्या. त्यांचा आक्षेप मला निम्मा पटतो. मुलाविषयीचा निकाल पुढे पाठवू नये. परंतु डावा कान आणि पोटदुखीचे कारण न सांगणे याला कोरी पाटी म्हणता येत नाही.

बाईंच्या वहीत पूर्ण पान मिळाले ते केवळ सहा मुलांना. त्यांत एका मुलीला सिकल सेलचा आजार आहे. आपल्या पूर्व विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो, तरी शाळेत त्याविषयी बोलणे कमीच. तिच्या पानावर लिहिले होते की तिला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी आणि लघवीला जाण्याची परवानगी मागताच द्यावी. या आजारात मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवणे जमेनासे होते, त्यामुळे ती वारंवार उठते. पाणी कमी पडले, थंडी लागली किंवा अति दमणूक झाली की तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय असह्य दुखतात. म्हणून डिसेंबरच्या सकाळी मैदानावर स्वेटर काढायला लावू नये, शर्यतीत धावण्याची सक्ती करू नये. ताप आला तर शाळा सुटेपर्यंत न थांबता त्याच वेळी घरी फोन करावा. ‘सारखी बाहेर जाते’ म्हणून याच मुलीला आधी दोन वर्षे ओरडा बसत होता.

उरलेल्यांना दोन-तीन ओळी. एकाच्या वडिलांचे जानेवारीत निधन झाले, ‘वडिलांची सही आण’ असे सर्वांदेखत म्हणू नये, सही आजोबा करतात. एक मुलगी चौविहार पाळते, सहलीहून परतायला उशीर होणार असेल तर सूर्यास्तापूर्वी तिच्या जेवणाची सोय पाहावी. पर्युषणात उपवास असला तरी सांगत नाही, डबा नाही म्हणजे विसरली असे समजू नये, त्या आठवड्यात उन्हात कवायतीला उभे करू नये. आपल्या घरातील किती मुलांविषयी शाळेला एवढे ठाऊक असते, हे वाचकांनी स्वतःशी तपासावे.

आणि चार नावांपुढे जागा कोरी होती. बाई संकोचून म्हणाल्या, ‘काका, वर्षभर ही मुले माझ्यासमोर होती. लिहायला बसले तर काहीच आठवत नाही.’ ही चौघेही शांत, वेळेवर गृहपाठ करणारी, मध्यम गुणांची. उरलेल्या दहा दिवसांत त्यांनी रोज एकेकाशी मधल्या सुटीत बोलायचे ठरवले. त्यातून एक मुलगी आढळली जी डबा रोज अर्धा परत नेते, कारण दुपारी शेजारी बसायला कुणी नसते आणि एकटीने खाणे तिला लाजिरवाणे वाटते. ही ओळ वहीत सर्वांत शेवटी लिहिली गेली.

लिहिलेले कुणाच्या हाती पडावे, हाही प्रश्न होता. बाईंनी प्रत्येक पान आधी त्या त्या पालकांना वाचून दाखवले. जे पालकांसमोर वाचता येणार नाही ते लिहायचेच नाही, असा आम्ही नियम केला. त्यामुळे ‘पालकांचे लक्ष नाही’ यासारखी वाक्ये आपोआप गळाली. शाळेतच पुढच्या वर्गात जाणाऱ्यांची पाने बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे गेली, दुसऱ्या शाळेत जाणाऱ्यांची पालकांच्या हाती. आपल्या घरचे मूल यंदा वर्ग वा शाळा बदलत असेल तर निकालाच्या दिवशी गर्दीत विचारण्यापेक्षा एप्रिलमध्येच वर्गशिक्षकांना भेटावे आणि दाखल्यासोबत असे एक पान मागावे. नव्या शिक्षकांना ते पहिल्या दिवशी देऊ नये, त्या दिवशी त्यांच्या हाती पन्नास कागद असतात. दुसऱ्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर, दहा मिनिटे मागून द्यावे.

पेढीवरच्या त्या मुलाच्या आईने तसेच केले. घरात कुणाला न सांगता जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती नव्या शाळेत गेली आणि पाकीट पाचवीच्या सरांच्या हाती दिले. सरांनी ते तेथेच उघडून वाचले, काही बोलले नाहीत. आठवडाभराने त्यांनी बाईंना फोन केला. म्हणाले, ‘पुढच्या बाकाचा उपयोग झाला नाही असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मी त्याला तिसऱ्या बाकावर, मोठ्याने पुटपुटत वाचणाऱ्या एका मुलाशेजारी बसवले आहे. त्या मुलाची ही खोड मी यंदा मोडणार होतो, आता राहू देतो. पण मला हे सांगा, उतारा आदल्या दिवशी देता तेव्हा तो घरी वाचून दाखवते कोण?’ बाईंना ते ठाऊक नव्हते. त्यांनी मला विचारले, मी आजोबांना विचारले. दुकान बंद झाल्यावर रात्री आजोबाच वाचून दाखवत असत.

तपासणीची तारीख अजून ठरलेली नाही.